सोलेनॉइडच्या मालिकेत रेझिस्टर आणि ९० टक्क्यांचा वेळ

“मालिकेत रेझिस्टर घातला की सोलेनॉइड लवकर ओढतो, हे खरे का?”

सोलेनॉइड म्हणजे प्रवाह वाहताच आतला लोखंडी दांडा, म्हणजे प्लंजर, ओढणारी कॉइल. नाशिकच्या सातपूर-अंबड भागातील कार्यशाळांत हा समज अजून ऐकू येतो. तो अर्धवट असल्यामुळेच अधिक फसवा आहे. विद्युतप्रवाह अंतिम मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत पोहोचण्यास `t = 2.3 L/R` इतका वेळ लागतो. यात L म्हणजे कॉइलचे प्रेरकत्व, आणि R म्हणजे एकूण रोध, ज्यात कॉइल व बाहेरचा रेझिस्टर दोन्ही येतात.

१२ ओहम, ६० मिलिहेन्रीची कॉइल १२ व्होल्टवर ११.५ मिलिसेकंदांत ०.९ अँपिअर गाठते. आणखी १२ ओहम जोडल्यास वेळ ५.८ मिलिसेकंदांवर येतो, परंतु अंतिम प्रवाहच अर्धा अँपिअर उरल्याने ते ९० टक्के म्हणजे केवळ ०.४५ अँपिअर असतात, जे मूळ कॉइल ३ मिलिसेकंदांतच गाठत होती. म्हणजे ओढ प्रत्यक्षात मंदावते, कदाचित प्लंजर हलणारही नाही.

खरा लाभ रेझिस्टरसोबत पुरवठाही २४ व्होल्ट केल्यावरच मिळतो: ०.९ अँपिअर ५.८ मिलिसेकंदांत. मात्र रेझिस्टरमध्ये सतत १२ वॅट उष्णता होते, म्हणून २५ वॅटचा घ्यावा. प्लंजर सरकताना L बदलतो. ऑसिलोस्कोपवर चढत्या प्रवाहात दिसणारी खाच ही त्याच हालचालीची खूण होय.