‘एसटी चेंजेस’ म्हणजे ब्लॉकेज नव्हे

“ईसीजीवर ‘सायनस ऱ्हिदम, नॉनस्पेसिफिक एसटी-टी चेंजेस’ आलंय. डॉक्टर सोमवारी बघणार. सगळे म्हणतात एसटी बदलला की ब्लॉकेज असतंच. खरं का?”

नाही. ‘सायनस’चा नाकाशी संबंध नाही. हृदयाचे ठोके सायनस नोड या नैसर्गिक केंद्रातूनच सुरू होताहेत, एवढाच त्याचा अर्थ. ही चांगली बातमी.

एसटी म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या उंच टोकानंतरची सपाट रेघ. हार्ट अटॅकमध्ये ती बहुधा शेजारशेजारच्या लीडमध्ये, म्हणजे हृदयाकडे वेगवेगळ्या कोनांतून बघणाऱ्या नोंदींमध्ये, ठळक उचलली किंवा दबलेली दिसते. ‘नॉनस्पेसिफिक’ म्हणजे रेघ किंचित हललीय, पण त्यावरून कुठल्याही एका आजाराचं नाव घेता येत नाही. समजा, बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या बाईंच्या कागदावर ही रेघ लहान चौकोनाच्या अर्ध्याहून कमी खाली आहे. रक्त तपासल्यावर पोटॅशियम कमी निघतं, ते भरून काढल्यावर रेघ पूर्ववत होते. असं खरोखर घडतं. बीपीने जाड झालेला हृदयाचा स्नायू किंवा नीट न चिकटलेला इलेक्ट्रोड, यांनीही ती हलते.

सोमवारी जुना ईसीजी आणि गोळ्यांची पाकिटं नक्की न्या. जुन्या कागदावरही रेघ अशीच असेल तर काळजी बरीच कमी होते.

मात्र या ओळीने ब्लॉकेज नाही असंही ठरत नाही. छातीत दाब, घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ असेल तर सोमवारची वाट पाहू नका, लगेच १०८ ला फोन करा.