एनपी, को-एनपी आणि 11 गाड्या

"सर, उत्तरातल्या 'हो'चं 'नाही' केलं की झालं. मग को-एनपी म्हणजे एनपीच ना?" (नौपाड्यातल्या शिकवणीत दरवर्षी येणारा प्रश्न.)

तसं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. एनपी हा अशा प्रश्नांचा वर्ग, ज्यांचं 'हो' हे उत्तर पुरावा हातात आला की झटपट तपासता येतं; को-एनपीत तसं 'नाही' तपासता येतं. टॉटॉलॉजी म्हणजे चलं सत्य-असत्य कशीही ठेवली तरी खरंच ठरणारं सूत्र. सूत्र टॉटॉलॉजी नाही हे दाखवायला कोष्टकातली एक ओळ पुरते: p ∨ q मध्ये दोन्ही असत्य ठेवा, खेळ खलास. ते टॉटॉलॉजी आहे हे पटवायला मात्र 30 चलांच्या कोष्टकात 107 कोटी ओळी तपासाव्या लागतात. प्रत्येक टॉटॉलॉजीला झटपट तपासता येणारी, बहुपदी लांबीची सिद्धता असेल तरच दोन्ही वर्ग एक होतील. सोसायटीत 10 जागांवर 11 गाड्या मावत नाहीत, हे वॉचमनलाही कळतं. सूत्रात मांडलं तर हीही एक टॉटॉलॉजीच. पण जागा वाढवत नेल्या की रेझोल्यूशन नावाच्या सिद्धता-पद्धतीत याचीच सिद्धता घातांकी वेगाने फुगते, हे संशोधक हाकेन यांनी 1985 मध्ये दाखवलं. इतर काही पद्धतींत ती आटोपशीर निघते, त्यामुळे एनपी आणि को-एनपी एकच का, याचा निकाल लागत नाही.