ब्रोकरविरुद्धची तक्रार: पहिला कागद कोणता?

आमच्या कार्यालयात येणारे बहुतेक गुंतवणूकदार एकच प्रश्न विचारतात, की ब्रोकरने न विचारता सौदे केले, तर थेट सेबीकडे जाता येईल का. सेबीच्या ‘स्कोअर्स’ संकेतस्थळावर (scores.sebi.gov.in) तक्रार अवश्य नोंदवता येते आणि तिला शुल्कही नाही, मात्र त्याआधी ब्रोकरकडे दाद मागितलेली असावी लागते. ही दाद डीलरला केलेल्या फोनने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या बोलण्याने सिद्ध होणे अवघड असते. ‘पुढच्या महिन्यात तोटा भरून काढू’ या तोंडी आश्वासनावर कित्येक जण महिनोन्‌महिने थांबतात आणि कारण घडल्यापासून एक वर्षाची स्कोअर्सची मुदत हातची घालवतात.

समजा, आपल्या खात्यात परवानगीविना ऑप्शनचे सौदे होऊन १,८०,००० रुपयांचा तोटा झाला आहे. अशा वेळी काँट्रॅक्ट नोटवर दिलेल्या तक्रार-निवारणाच्या ईमेलवर त्याच दिवशी लिहावे. त्यात क्लायंट कोड, काँट्रॅक्ट नोटचा क्रमांक, प्रत्येक सौद्याची तारीख व रक्कम आणि नेमकी मागणी असावी. त्यासोबत, ही ऑर्डर आपण दिल्याचा पुरावा मागावा. फोनचे ध्वनिमुद्रण, सही केलेली चिठ्ठी, ईमेल किंवा लॉग यांपैकी काही जपून ठेवणे ही सेबीच्या २०१८ च्या परिपत्रकानुसार ब्रोकरची जबाबदारी आहे, आणि आमच्या मते संपूर्ण प्रकरणाचा कणा हीच मागणी आहे. तोट्याबद्दल चार पाने हळहळ लिहून पुराव्याचा उल्लेखच न केलेल्या तक्रारी आम्ही पुष्कळ पाहतो.

उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर स्कोअर्सवर जावे. तेथून तक्रार ब्रोकरकडे आणि त्याच वेळी एक्स्चेंजकडे पोहोचते. ब्रोकरला २१ दिवसांत कार्यवाहीचा अहवाल द्यावा लागतो. तो समाधानकारक नसेल, तर १५ दिवसांत पुनर्विलोकन मागावे, म्हणजे एक्स्चेंज प्रकरण पाहते. त्यानंतरही असमाधान राहिले, तर पुन्हा १५ दिवसांत सेबीकडे दुसरे पुनर्विलोकन मागता येते. ही मागणी वेळेत न केल्यास तक्रार बंद होते.

भरपाईच्या रकमेवरच वाद असेल, तर smartodr.in वर सामंजस्य आणि त्यानंतर लवादाचा मार्ग आहे. तक्रार स्कोअर्सवर प्रलंबित असताना मात्र तो घेता येत नाही.

ब्रोकरला पाठवलेल्या ईमेलची प्रत पाहिल्याशिवाय आम्ही स्कोअर्सचा मसुदा हाती घेत नाही. यावर काही ग्राहक नाराज होतात. परंतु पुराव्याविना घाईने केलेली तक्रार पहिल्याच उत्तरात अडकते, हे आम्ही सतत पाहत आलो आहोत. तो ईमेल लिहून देणे, काँट्रॅक्ट नोट व लेजर यांचा मेळ घालून तक्ता करणे आणि मुदतींच्या तारखा सांभाळणे एवढ्याचेच शुल्क आम्ही घेतो. लॉगिन आणि पासवर्ड आपल्याकडेच ठेवावेत. येताना वर्षभराच्या काँट्रॅक्ट नोट आणि एक्स्चेंजकडून आलेले एसएमएस न पुसता आणावेत.