घरखर्च नफा-तोट्यातून उचल खात्यात कसा गेला

1494 मध्ये व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या गणितग्रंथात इटालियन गणिती लुका पाचोलीने प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहिण्याची द्विनोंदी पद्धत समजावली. त्यातला व्यापारी मालाच्या यादीतच घरातले दागिने आणि कपडेही धरतो. घरखर्चाचं खातं वहीत असतं, आणि वर्षअखेरीस ते नफा-तोटा खात्यात वळवून बाकी भांडवलात नेली जाते. म्हणजे आज ज्याला आपण चूक म्हणतो, ती तेव्हाची रीतच होती. वही त्या माणसाची होती, आणि वर्षाच्या शेवटी आपल्याकडे किती उरलं एवढंच त्याला पाहायचं होतं.

धंद्याने किती कमावलं, हा प्रश्न वेगळा आहे. तो विचारायचा तर धंदा आणि मालक हिशेबापुरते दोन वेगळे पक्ष धरावे लागतात. कर आकारणाऱ्या सरकारलाही तोच आकडा हवा होता. ब्रिटनच्या 1842 च्या आयकर कायद्याने व्यापाऱ्याच्या स्वतःच्या आणि कुटुंबाच्या पोटापाण्याचा खर्च नफ्यातून वजा करायला मनाई केली. आपल्याकडे 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 37(1) मध्येही वैयक्तिक खर्च असाच वगळला गेला.

एका किराणा दुकानाचं उदाहरण घेऊ. सुरुवातीचं भांडवल 4,00,000 रुपये, वर्षाचा निव्वळ नफा 3,60,000. मालकाने गल्ल्यातून दरमहा 20,000 घेतले, शिवाय खरेदी किमतीने 36,000 चा माल घरी नेला. मालकाने धंद्यातून स्वतःसाठी काढलेली ही रक्कम म्हणजे उचल; ती एकूण 2,76,000 झाली. रोखीची नोंद उचल खाते नावे, रोकड खाते जमा अशी होते. मालासाठी जमा बाजूला खरेदी खातं येतं. वर्षअखेर उचल भांडवलातून वजा होते आणि भांडवल 4,84,000 राहतं.

आता हीच 2,76,000 ची रक्कम ‘मालकाचा पगार’ म्हणून खर्चात टाका. नफा 84,000 दिसेल आणि भांडवल तरीही 4,84,000 च येईल. ताळेबंद जुळतो, म्हणून ही चूक सहसा लक्षात येत नाही. खरं तर मालकाने महिन्याला दहा हजार घेतले काय नि तीस हजार घेतले काय, तेवढ्याने दुकानाची विक्री बदलत नाही. मिळकत होऊन गेल्यावर तिच्यातला आपला वाटा त्याने उचलला, इतकंच. नोकराचा पगार मात्र ती मिळकत करण्यासाठीच द्यावा लागतो.

घरी नेलेला माल लिहायचाच राहिला, तर नुसतं नफा-तोटा पाहून ते समजत नाही. ढोबळ नफ्याचं प्रमाण गेल्या वर्षापेक्षा कारणाशिवाय घसरलेलं दिसतं, तेव्हा शंका येते. शिवाय घरात चार माणसं आणि वर्षाची उचल जेमतेम पन्नास हजार असेल, तर आयकर अधिकारी घर कशावर चालतं ते विचारतो. त्या वेळी साखर-तांदळाच्या त्या न लिहिलेल्या पिशव्या आठवून सांगत बसावं लागतं.