मद्यातील कॅलरी आणि पोटाचा घेर

मद्याचे ऊर्जामूल्य मुख्यतः त्यातील इथाइल अल्कोहोलवर आणि काही प्रमाणात साखर व इतर कर्बोदकांवर अवलंबून असते. एक ग्रॅम अल्कोहोलपासून सुमारे ७ कॅलरी मिळतात. पिष्टमय पदार्थांपासून ४ आणि स्निग्ध पदार्थांपासून ९ कॅलरी मिळतात, म्हणजे अल्कोहोल तेलातुपाच्या अधिक जवळचे आहे. मद्य पातळ असल्यामुळे आणि त्याने पोट भरल्यासारखे वाटत नसल्यामुळे ही ऊर्जा सहसा जेवणाच्या हिशेबात धरली जात नाही. बाटलीवरूनही ती कळेलच असे नाही. भारतात मद्यासंबंधीच्या २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमावलीने लेबलवर पोषणविषयक माहिती छापण्यास मनाई केली होती. नंतरच्या दुरुस्तीने फक्त कॅलरींचा आकडा देण्याची मुभा मिळाली, पण तो देणे उत्पादकाच्या मर्जीवर आहे.

अल्कोहोलचे प्रमाण मात्र लेबलवर असते आणि हिशेबाला तेवढे पुरते. मिलिलिटर गुणिले टक्केवारी गुणिले ०.०५५ केले की अल्कोहोलपासून मिळणाऱ्या कॅलरी निघतात. (अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके असते, ती दुरुस्ती या गुणकात आलेली आहे.) ६५० मिलीच्या ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरमध्ये या रीतीने २८५ च्या आसपास कॅलरी येतात. माल्टमधील न आंबलेल्या कर्बोदकांच्या ७०-८० त्यात मिळवल्या की बाटली साडेतीनशेच्या पुढे जाते. ५ टक्क्यांच्या माइल्ड बिअरची तेवढीच बाटली २६० च्या घरात राहते. पुण्यात २००९ च्या सुमारास मायक्रोब्रुअरी सुरू झाल्या. तिथली गव्हाची बिअर गढूळ दिसते म्हणून जड मानली जाते, पण गढूळपणा यीस्ट आणि प्रथिनांचा असतो. कॅलरी ठरतात त्या अल्कोहोलच्या टक्क्यांवर आणि मगच्या आकारावर. कोरड्या वाइनच्या १५० मिलीच्या पेल्यात सुमारे १२० कॅलरी असतात, गोड वाइनमध्ये साखरेप्रमाणे अधिक. व्हिस्की, रम, जिन, व्होडका यांत रंगाने किंवा किमतीने फरक पडत नाही. ४२.८ टक्क्यांच्या ६० मिलीच्या लार्ज पेगमध्ये सुमारे १४० आणि १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सुमारे ४२५ कॅलरी धराव्यात. ताडी आणि हातभट्टी यांचे प्रमाण ठिकाणागणिक बदलते, त्यामुळे त्यांना हा हिशेब लावता येत नाही.

मिसळायच्या पेयांपैकी साध्या सोड्यात आणि पाण्यात काहीही नसते. कोलाच्या १०० मिलीत १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे सुमारे ४२ कॅलरी. टॉनिक वॉटर कडवट लागत असले तरी साध्या टॉनिकमध्ये साखर कोलापेक्षा फार कमी नसते, आणि सोड्यासारखेच समजून ते घेणारे पुष्कळ आहेत. बिनसाखरेच्या कोलाने कॅलरी वाचतात, पण असे मिश्रण जठरातून लवकर पुढे सरकते आणि रक्तातील अल्कोहोल साखरेच्या मिश्रणापेक्षा अधिक चढते, असे प्रयोगात दिसले आहे.

कोथरूड किंवा हडपसरच्या परमिट रूममधील एक सर्वसाधारण बैठक उदाहरणादाखल घेऊ. एक जण शुक्रवारी आणि शनिवारी प्रत्येकी एक क्वार्टर रम घेतो, त्यात ६०० मिली कोला संपवतो आणि चखण्याला मूठ-दीड मूठ, म्हणजे साधारण ५० ग्रॅम, खारे शेंगदाणे खातो. रमच्या ४२५, कोलाच्या सुमारे २५५ आणि शेंगदाण्यांच्या २८५ मिळून एका बैठकीच्या ९६५ कॅलरी होतात. त्यानंतरचे घरचे जेवण यात धरलेले नाही, आणि ते चुकत नाही हे पुणेकरांना सांगायला नको. आठवड्याच्या १,९३० कॅलरी सात दिवसांवर पसरल्या तर रोजच्या २७५ येतात.

अशा वेळी ७,७०० कॅलरींना एक किलो हा जुना ठोकताळा लावला जातो आणि वर्षाला १३ किलो असे उत्तर काढले जाते. ते फुगवलेले आहे. वजन वाढले की शरीराचा रोजचा खर्चही वाढतो आणि वाढ मंदावत जाते. अमेरिकन संशोधक केव्हिन हॉल व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार रोजच्या सुमारे २४ जादा कॅलरींमागे अखेरीस एक किलो वाढ होते, आणि त्यातली निम्मी पहिल्या वर्षात होते. त्या मापाने या माणसाचे वजन वर्षभरात साधारण सहा किलोंनी आणि पुढच्या दोनेक वर्षांत अकराच्या आसपास वाढेल. इतर दिवशी त्याने नकळत कमी खाल्ले तर आकडा खाली येईल. त्याने रम तेवढीच ठेवून कोल्याऐवजी सोडा घेतला, तर अकरापैकी सुमारे तीन किलो केवळ त्यानेच टळतात. घरी ओतलेला पेग मात्र या गणितात बसत नाही. मापाशिवाय ओतलेला ‘लार्ज’ सहज ८०-९० मिली भरतो.

अल्कोहोलच्या ७ कॅलरी शरीराला खरोखर पूर्ण मिळतात का, हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी १८९० च्या दशकाच्या अखेरीस माणसांना बंदिस्त उष्णतामापक खोलीत ठेवून आहारातील काही भागाऐवजी दिवसाला सुमारे ७० ग्रॅम अल्कोहोल दिले. ते जवळजवळ सगळे शरीरात जाळले जाते आणि इंधन म्हणून वापरले जाते, असे त्यांना आढळले. मद्यबंदीच्या चळवळीला हा निष्कर्ष रुचला नाही. पुढे चार्ल्स लीबर यांच्या गटाने १९७० च्या दशकात उलट बाजू मांडली. आहारातील निम्म्या कॅलरींऐवजी अल्कोहोल दिल्यावर वजन घटले. तेवढ्याच जादा कॅलरी चॉकलेटमधून दिल्यावर ते वाढले, अल्कोहोलमधून दिल्यावर फारसे वाढले नाही. सतत भरपूर पिणाऱ्यांच्या यकृतात अल्कोहोल मोडण्याची एक दुय्यम यंत्रणा वाढते आणि तीत ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते, असे लीबर यांचे स्पष्टीकरण होते. पट्टीच्या दारुड्यांपैकी बरेच जण हडकुळे का, याचे उत्तर त्यात काही अंशी मिळते. तथापि अशांचे जेवण सुटलेले असते आणि आतड्यातील शोषणही बिघडलेले असते, हे विसरून चालत नाही. शनिवार-रविवार पिणाऱ्याला ही सूट लागू करण्यास आधार दिसत नाही.

प्रश्नाची अधिक समाधानकारक उकल १९९० च्या दशकात झाली. अल्कोहोल शरीरात साठवता येत नाही, म्हणून यकृत ते सर्वांत आधी निकालात काढते. त्यापासून आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि मग अ‍ॅसिटेट बनते. अ‍ॅसिटेट रक्तात उतरते आणि स्नायू ते जाळतात. तोवर चरबी जाळण्याचे काम मागे पडते. सूटर आणि सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमध्ये १९९२ मध्ये दाखवले, की एकूण ऊर्जेचा चौथा हिस्सा अल्कोहोलमधून दिल्यास दिवसभरातील चरबीचे ज्वलन सुमारे एक तृतीयांशाने घटते. १९९९ मधील एका अमेरिकन प्रयोगात घेतलेल्या अल्कोहोलपैकी पाच टक्क्यांहूनही कमी भागाचे यकृतात चरबीत रूपांतर झाले. याचा अर्थ दारूची चरबी जवळजवळ होतच नाही. दारू जळत असताना शेंगदाण्याचे, फरसाणाचे आणि नंतरच्या मटण-भाकरीचे तेल न जळता साठते. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल संपवते आणि क्वार्टरमध्ये ते ६० ग्रॅम असते. तेव्हा रात्री दहाला संपलेल्या बैठकीचा हा परिणाम पहाटेपर्यंत रेंगाळतो.

बिअरने खास पोटच सुटते का, याविषयी मतभेद आहेत. बिअरच्या खपात अग्रेसर असलेल्या चेक प्रजासत्ताकातील २००३ च्या पाहणीत बिअर आणि स्थूलता यांचा ठळक संबंध आढळला नाही. जर्मनीतील पॉट्सडॅमच्या मोठ्या पाहणीत (२००९) अधिक बिअर पिणाऱ्या पुरुषांच्या कमरेचा घेर वाढलेला आढळला, पण एकूण वजनवाढीचा परिणाम बाजूला काढल्यावर त्यातला बराचसा भाग उरला नाही. चेक पाहणीत माणसांना एकदाच मोजले होते, जर्मन पाहणीत काही वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले होते, म्हणून जर्मन निष्कर्ष अधिक ग्राह्य वाटतो. पुरुषांची चरबी मुळातच पोटावर जमते आणि बिअर पिणाऱ्यांत पुरुष जास्त असतात, त्यामुळे बिअरला नाव चिकटले असावे. पिण्याची रीत कदाचित पेयापेक्षा महत्त्वाची ठरते. डेन्मार्क आणि न्यूयॉर्कमधील अभ्यासांत क्वचित पण एका बैठकीत भरपूर पिणाऱ्यांची पोटे, थोडे पण वारंवार पिणाऱ्यांपेक्षा, अधिक सुटलेली दिसली. स्त्रियांबाबतचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

वरील बहुतेक माहिती युरोप-अमेरिकेतील आहे. ती इथे जशीच्या तशी लावता येत नाही, याचे एक कारण पुण्यातूनच पुढे आले. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा शरीरवस्तुमान निर्देशांक २२.३ होता, पण चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबी अधिक असू शकते, आणि ती विशेषतः पोटात असते. त्यामुळे भारतीय पुरुषांसाठी कमरेची मर्यादा ९० सेंमी आणि स्त्रियांसाठी ८० सेंमी मानतात. माप शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर घ्यायचे. पॅंटचा नंबर इथे उपयोगाचा नाही. पोट सुटले की पट्टा त्याच्या खाली सरकतो आणि नंबर वर्षानुवर्षे तोच राहतो.

नियमित पिणाऱ्याचे सुटलेले पोट नेहमी चरबीचेच असते असे नाही. यकृत सुरकुतले की पोटात पाणी साठते. चरबीचे पोट वर्षानुवर्षांत वाढते, पाण्याचे काही आठवड्यांत. पाण्याच्या पोटात हातपाय, दंड आणि गाल ओसरत जातात, बेंबी बाहेर येते, पायांवर सूज दिसते आणि आडवे झाल्यावर पोटाच्या दोन्ही कुशी फुगतात. डोळे पिवळे झाले असतील तर शंकेला फारशी जागा राहत नाही. अशा माणसाने वजन कमी करण्यासाठी उपास धरणे घातक ठरू शकते. पोटाची सोनोग्राफी आणि यकृताच्या तपासण्या आधी व्हायला हव्यात.