गाडी उभीच असते, मग ऑइल कधी बदलायचं?

पेट्रोल गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत बहुधा ‘१०,००० किमी किंवा १२ महिने, जे आधी होईल ते’ असं लिहिलेलं असतं. वर्षाला जेमतेम १,२०० किमी चालणाऱ्या गाडीच्या मालकाला यातले महिने उगाच घातल्यासारखे वाटतात. सीलबंद डब्यातलं ऑइल काही वर्षं चांगलं राहतं, मग इंजिनातलं वर्षभरात का खराब व्हावं?

कारण डब्यातल्या ऑइलमध्ये काही मिसळत नाही, इंजिनातल्यात मिसळतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांमधून खाली उतरते आणि थंड इंजिनात तिचं पाणी होतं. थंड इंजिनाला पेट्रोलही जास्त लागतं. त्यातलं न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरून ते पातळ करतं. पाणी आणि जळणातले वायू मिळून आम्ल बनतं. ते मारायला ऑइलमध्ये क्षारयुक्त रसायनं घातलेली असतात, ती हळूहळू संपत जातात. ऑइल चांगलं तापलं की पाणी आणि बरंचसं पेट्रोल उडून जातं. पण काट्यावर इंजिन गरम दिसलं तरी ऑइल तापायला त्याहून बराच वेळ लागतो, १५-२० मिनिटं धरून चाला.

आता दोन गाड्या घ्या, दोन्ही वर्षाला १,२०० किमी चालणाऱ्या. पहिली पुण्याहून साताऱ्याला पाच-सहा वेळा जाऊन येते. दुसरी मंडईपर्यंत तीन-तीन किलोमीटर जाते, म्हणजे ४०० वेळा थंड इंजिन सुरू होतं आणि ऑइल तापायच्या आत बंद होतं. पहिलीला वर्षातून एकदा ऑइल बदललं की पुरे. दुसरीचं मी सहा महिन्यांनी बदलेन, काटा ६०० किमीच पुढे गेला असला तरी. सिंथेटिक ऑइल घातलं तरी पाणी आणि पेट्रोल त्यात उतरतंच. पार्किंगमध्ये पाच मिनिटं इंजिन चालू ठेवणं तर सगळ्यात वाईट: पाणी तयार होतं, उडत मात्र नाही. त्यापेक्षा आठवड्याला एकदा अर्धा तास रस्त्यावर चालवा.

तपासायचं असेल तर गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवा. ऑइल न घालता पातळी वर चढली असेल किंवा पेट्रोलचा वास येत असेल, तर महिने न मोजता ऑइल बदला. ऑइल भरायच्या झाकणाखाली सायीसारखा पिवळट थर दिसला, तर ते साठलेलं पाणी. लांबच्या फेरीनंतरही तो परत येत असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट तपासून घ्या.

बदलताना आधी गाडी फिरवून आणा, म्हणजे गाळ तरंगत असतानाच ऑइलबरोबर बाहेर पडतो. फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा वॉशरही नवा घाला. छोट्या हॅचबॅकला साधारण तीन-साडेतीन लिटर ऑइल लागतं, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. गाडी काही महिने बंद ठेवायची असेल, तर ऑइल ठेवण्याआधी बदला, बाहेर काढताना नव्हे. नाहीतर आम्ल झालेलं जुनं ऑइल तेवढे महिने बेअरिंगला लागून राहतं. वॉरंटी चालू असेल तर पुस्तिकेतले १२ महिने ओलांडू नका, ऑइल कितीही स्वच्छ दिसलं तरी.