शब्बताई झ्वीच्या धर्मांतरानंतरची गोष्ट

“ज्यूंचा मसीहा, म्हणजे त्यांना अपेक्षित असलेला तारणहार, मानल्या गेलेल्या शब्बताई झ्वीने 1666 मध्ये इस्लाम स्वीकारला, त्याच दिवशी त्याचे ढोंग उघडे पडले आणि चळवळ संपली, असेच ना?”

नाही. स्मर्ना येथे जन्मलेल्या शब्बताईने सप्टेंबर 1666 मध्ये एडिर्ने येथे ऑटोमन सुलतान चौथ्या मेहमेदसमोर धर्म बदलला, तेव्हा बहुसंख्य ज्यू समाज खचून जुन्या वाटेवर परतला हे खरे. पण ज्याने वर्षभरापूर्वी त्याला मसीहा घोषित केले होते, त्या गाझाच्या नाथानने श्रद्धा सोडली नाही. त्याने आधार घेतला तो कब्बाला या ज्यू गूढवादी परंपरेतील, विशेषतः सोळाव्या शतकातील इसहाक लुरियाच्या, शिकवणीचा. तिच्यानुसार सृष्टीच्या आरंभी दिव्य प्रकाशाची पात्रे फुटली आणि त्यातील ठिणग्या दुष्टतेच्या कवचांत, म्हणजे ‘क्लिपोत’मध्ये, अडकल्या, धर्माचरणाने त्या सोडवायच्या असतात. नाथानचे म्हणणे असे की सर्वांत खोलवरच्या ठिणग्यांसाठी मसीहाला स्वतः त्या कवचांत उतरावे लागते, म्हणून त्याचे धर्मांतर हे कार्याचाच भाग आहे. माझ्या मते श्रद्धा टिकली ती या युक्तिवादामुळे, कारण ज्या घटनेने ती मोडायला हवी होती, तीच येथे पुरावा ठरली.

शब्बताई 1676 मध्ये वारला. 1683 मध्ये ऑटोमन साम्राज्यातील सलोनिका येथे त्याच्या अनुयायांच्या सुमारे 300 कुटुंबांनी इस्लाम स्वीकारला. वरून मुसलमान आणि आतून शब्बताईचे अनुयायी असलेला हा ‘डोन्मे’ समाज विसाव्या शतकापर्यंत टिकला. इतरत्र अनुयायी ज्यू राहूनच गुप्तपणे श्रद्धा जपत होते. म्हणूनच 1751 मध्येही रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, याकोब एम्डेन यांनी रब्बी योनाथान आयबेशुट्झ यांच्या ताइतांमध्ये शब्बताईचे नाव सांकेतिक रूपात दडल्याचा आरोप केला.